बघा जरा, काय करता येईल ते

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष कामाचे गृहस्थ आहेत, आणि कामाची माणसं निरोप कधी पुरा लिहीत नाहीत. रविवारी सकाळी व्यवस्थापक समितीची सभा झाली आणि रात्री जेवणं आटोपल्यावर माझ्या मोबाईलवर २७ पानांची एक फाइल येऊन आदळली. खाली जोडलेल्या हातांचं चित्र. बस्स. ना 'इतिवृत्त करून द्या', ना 'कोणी काय करायचं त्याची यादी काढा', ना 'थोडक्यात काय झालं ते लिहा'. सभेत कोणीतरी मोबाईल टेबलावर ठेवला होता. त्याने सगळ्यांचं बोलणं ऐकून आपल्या मगदुराप्रमाणे टाइप केलं होतं, आणि ते शिजवलेलं न शिजवलेलं सगळं माझ्या पानात वाढलं गेलं होतं.

मी समितीत नाही. पण नोकरीत असताना सभांची इतिवृत्तं लिहिणं हे माझ्याकडे होतं, ही गोष्ट एकदा चहाच्या वेळी तोंडातून निघून गेली. तेव्हापासून लग्नात भेटलेल्या डॉक्टरला लोक जीभ दाखवतात, तसे मला कागद दाखवतात.

मी अध्यक्षांना विचारलं, "नक्की काय करून हवंय?"

उत्तर आलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते."

हे उत्तर ऐकायला उदार वाटतं. त्याचा खरा अर्थ असा, की मला काय हवंय ते मलाही माहीत नाही, पण तुम्ही चुकीचं केलंत तर लगेच ओळखेन. घरात 'आज काय करू' या प्रश्नाला 'कर काहीही' असं उत्तर देणाऱ्यांना हा अर्थ निराळा सांगायला नको.

तेव्हा निवड माझ्यावर आली. तिन्ही प्रकार वरवर सारखेच दिसतात, कारण तिन्हींचा ऐवज एकच असतो. फरक वाचणाऱ्यात आहे. इतिवृत्त वाचणारा अजून भांडायला उठलेला नसतो. तो दोन वर्षांनी उठेल, वकिलाकडे किंवा उपनिबंधकांच्या कार्यालयात जाईल आणि म्हणेल, "दाखवा, कुठल्या सभेत ठरलं हे?" कामांची यादी वाचणाऱ्याला उद्या सकाळी दहा वाजता कोणाला तरी फोन करायचा असतो. आणि सारांश वाचणारा सभेला आलेला नसतो, पुढच्याही सभेला येणार नसतो, पण त्याला मत मात्र द्यायचं असतं.

यातला सोपा आणि फसवा मार्ग म्हणजे तिन्ही करून पाठवणं. होतकरू माणूस हमखास तेच करतो. मग अध्यक्षांकडे तीन कागद होतात, ते पहिला उघडतात, दुसरा 'नंतर' म्हणून ठेवतात आणि तिसरा चुकून जावयाला पाठवतात. त्याहून वाईट म्हणजे हे तीन कागद एकमेकांशी भांडतात. यादीत 'काम सुरू करणे', इतिवृत्तात 'शिफारस करण्यात आली', सारांशात 'गच्चीचं काम मार्गी'. एकाच सभेतून तीन सभा निघतात, आणि ज्याला जी सोयीची ती तो खरी धरतो.

म्हणून आधी फाइल वाचायला घेतली. अर्ध्याअधिक प्रश्नांची उत्तरं अशा कागदात पडलेली असतात. शोधायची मात्र चिकाटी हवी, कारण मोबाईलने माणसांना नावं दिलेली नव्हती. सगळे 'वक्ता'. पान ६ वरचा हा प्रसंग पाहा:

वक्ता २ : गच्चीचं काय ते एकदा ठरवा.
वक्ता १ : ठरलंय ना. ते हे करणार आहेत.
वक्ता ४ : कोण हे?
वक्ता १ : हे हो. मागच्या वेळी ज्यांनी केलं ते.
वक्ता २ : त्यांनीच केलंय म्हणून तर गळतंय.
वक्ता ३ : चहा घ्या.
वक्ता १ : बरं, मग ठराव मजूर.

'मंजूर'मधला अनुस्वार मोबाईलला ऐकू आला नव्हता. मात्र गच्चीवर शेवटी कोण राबणार आहे याचा विचार केला, तर त्याने फार चूक केली असंही म्हणवत नाही. वक्ता १ म्हणजे अध्यक्ष, हे उघड होतं. वक्ता २ म्हणजे ३०२ मधल्या काकू, वक्ता ३ खजिनदार आणि वक्ता ४ म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त साहेब. वक्ता ५ हे बराच वेळ कोडं होतं. तो दर दोन पानांनी फक्त 'हं' म्हणत होता. नंतर लक्षात आलं, की हा एक माणूसच नव्हे. ज्याला ज्याला 'हं' करावंसं वाटलं, त्या सगळ्यांचं गाठोडं मोबाईलने त्याच्या नावावर बांधलं होतं. आणि समितीत वक्ता ५ चं बहुमत होतं.

इथेच पहिली गोष्ट पक्की झाली. नुसत्या या फाइलीवरून इतिवृत्त होणार नाही. इतिवृत्तात सर्वांत आधी उपस्थितांची नावं लागतात, आणि फाइलीत बोललेली माणसं असतात, आलेली नाहीत. सभेला येऊन तोंडातून चकार शब्द न काढणारा सभासद या कागदावर गैरहजर ठरतो. तो खरं तर गणपूर्तीचा आधारस्तंभ असतो. मध्येच दूध आणायला उठून गेलेला माणूस मात्र शेवटपर्यंत हजर राहतो, कारण जाताना तो काही बोलत नाही. मतदान हात वर करून झालं असेल, तर हातांचा आवाज येत नाही. आणि पान ९ वर 'हे बघा, यात काय लिहिलंय' असं म्हणून खजिनदारांनी जो कागद दाखवला, त्यातला आकडा कोणीच मोठ्याने वाचला नाही. सगळे नुसते 'बाप रे' म्हणाले. इतिवृत्तात 'बाप रे' ही रक्कम लिहिता येत नाही.

जे आकडे बोलले गेले त्यांचीही तीच गत. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची दोन कोटेशनं आली होती. एक 'पाव ने पाच लाख' आणि दुसरं 'साडे, पाच' असं उतरलं होतं. पहिलं पावणेपाच असणार, हे कळतं. पण दुसरं साडेपाच लाख आहे, की 'साडे' हा एका वाक्याचा शेवट आणि 'पाच' ही दुसऱ्याची सुरुवात? अशा वेळी मूळ कोटेशन पाहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. सारांशातसुद्धा नाही, कारण सारांशातला आकडा सगळ्यांत वेगाने जिने चढतो.

आता सभा कशा प्रकारची होती ते बघू. पहिल्याच पानावर अध्यक्षांचं वाक्य होतं, "मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करू या, सगळ्यांना मान्य आहे ना?" वक्ता ५ : हं. हे एक वाक्य पुरेसं आहे. अशी सुरुवात झाली म्हणजे ही अधिकृत सभा, तिचं इतिवृत्त कधी ना कधी वहीत जाणार, आणि पुढच्या सभेत तेही वाचून कायम होणार. याउलट सुरुवात 'सगळे आले का, बसा बसा' अशी असती, विषयपत्रिकेचा पत्ता नसता, तर ती नुसती बैठक. तिचं इतिवृत्त लिहिणं म्हणजे जिन्यातल्या गप्पांना दप्तरी दाखल करणं.

दुसरी खूण पान १७ वर सापडली. ३०२ मधल्या काकू म्हणतात, "जुन्याच कंत्राटदाराला काम द्यायला माझा विरोध आहे. लिहून घ्या." २७ पानांत कोणीतरी कोणालातरी दिलेली लिहिण्याची ही एकमेव स्पष्ट सूचना होती, आणि ती मला नव्हती. पण तिला वजन आहे. समितीच्या निर्णयाला समितीचे सगळे सदस्य मिळून आणि एकेकटेही जबाबदार धरले जातात. उद्या गच्ची पुन्हा गळली आणि कोणी हिशेब मागितला, तर काकूंना वाचवणारं एकच वाक्य असेल आणि ते इतिवृत्तातच असावं लागेल. कामांच्या यादीत विरोधाला रकाना नसतो. सारांशात तो लिहिला तर त्याची चुगली होते.

म्हणजे इतिवृत्त लागणार, हे ठरलं. पण मग अध्यक्षांना आज रात्री तेच हवं होतं का? इथे मी थांबलो, कारण फाइल पाठवणारा कोण आहे हेही बघावं लागतं. इतिवृत्ताची वही चिटणिसांकडे असते, आणि आमचे चिटणीस मुलीकडे नाशिकला गेले होते. फाइल त्यांच्याकडून आली असती तर दुसरा विचार न करता इतिवृत्ताचा मसुदा केला असता. सभेला न आलेल्या सभासदाकडून आली असती तर पाच ओळींत सारांश. पण ती अध्यक्षांकडून आली होती. ते स्वतः सभेत हजर होते, एवढंच नव्हे, तर २७ पैकी निम्मी पानं त्यांचीच होती. त्यांना सारांश काय सांगायचा? (निम्मी पानं स्वतः बोलणाऱ्या माणसाने उरलेली निम्मी किती ऐकली असतील, ही शंका मी बाजूला ठेवली.) बोलून दमलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी एकच प्रश्न पडतो: आता पुढे कोण काय करणार आहे?

शिवाय फाइलीतच तारखा होत्या. लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार १५ मेला संपत होता. गच्चीचं काम पावसाच्या आधी व्हायला हवं होतं. वाट न पाहू शकणारी गोष्ट कामांची यादी होती. इतिवृत्ताला आठवडा लागला तरी चालणार होतं.

कामांची यादी काढणं सगळ्यांत सोपं वाटतं, आणि तिथेच माणूस सर्वाधिक थापा मारतो. थापा हेतुपुरस्सर नसतात. यादीला तीन रकाने असतात, काय, कोणी आणि कधीपर्यंत, आणि रिकामा रकाना पाहवत नाही. मग हात आपोआप भरू लागतो. आमच्या सभेत पाण्याची टाकी साफ करायचा विषय चार वेळा निघाला. 'करायला पाहिजे', 'करून टाकू', 'एकदा बघून घेऊ' आणि 'व्हायलाच हवी, मुलं आजारी पडताहेत'. या चारांपैकी एकाही वाक्यात माणूस नाही. 'करून टाकू' म्हणणारे खजिनदार होते म्हणून त्यांच्या नावापुढे टाकी लिहिली, तर सोमवारी ते दारात येऊन विचारतील, "मी कधी म्हणालो?" आणि त्यांचं बरोबर असेल. उलट लिफ्टबद्दल ते म्हणाले होते, "मी उद्या कंपनीला फोन करतो." इथे काम आहे, माणूस आहे, दिवस आहे. गच्चीबद्दल तळमजल्यावरचे साहेब म्हणाले होते, "माझ्या भाच्याच्या ओळखीचा एक आहे, बुधवारपर्यंत त्याचं कोटेशन आणून देतो." हेही पक्कं. २७ पानांत पक्की कामं एवढीच. दोन.

टाकीपुढचा रकाना मी रिकामा ठेवला आणि तिथे 'नाव ठरलेलं नाही' असं लिहिलं. भरलेल्या रकान्यावरून लोकांची नजर घसरून पुढे जाते, रिकाम्यावर मात्र अडते.

मग ती नऊ पानं. पान १० ते १८ पार्किंगचं होतं, काकूंचा तो विरोध मध्येच कुठून तरी घुसलेला. एका घराला दोन गाड्या, पाहुण्यांच्या गाड्या, भाडेकरूंच्या गाड्या आणि २०१ ची आडवी स्कूटर. या नऊ पानांचं काय करायचं, यावरून तिन्ही प्रकारांचा स्वभाव कळतो. सारांशात त्याची एक ओळ होते आणि तीच ओळ लोक सगळ्यांत आधी वाचतात. इतिवृत्तात त्याचं वाक्य होतं, 'पार्किंगच्या विषयावर सविस्तर चर्चा झाली. निर्णय पुढील सभेत घेण्याचे ठरले', आणि स्कूटर कोणाची होती हे त्यात कायमचं बुडून जातं. ते बुडावंच, कारण इतिवृत्त कोण काय बोललं ते सांगण्यासाठी नसतं, काय ठरलं ते सांगण्यासाठी असतं. कामांच्या यादीत मात्र त्या नऊ पानांचं काहीच होत नाही. शून्य. एवढा घसा कोरडा करून एकाही माणसाने एकही काम अंगावर घेतलं नव्हतं.

त्यातच पान १४ वर कोणीतरी म्हणालं होतं, "भाड्याने देणाऱ्यांकडून ना-वापर शुल्क दुप्पट घ्या, म्हणजे गाड्या आपोआप कमी होतील." त्यावर वक्ता ५ : हं. वाचणाऱ्याला वाटावं, ठरलं. हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि महापालिकेचे कर त्या हिशेबात धरायचे नसतात. २००१ पासून शासनाचा तसा आदेश आहे. आमच्याकडे आधीच १० टक्के घेतात. इतिवृत्तात 'दुप्पट करण्याचे ठरले' असं गेलं, तर सोसायटीने स्वतःच्या हस्ताक्षरात स्वतःविरुद्ध तक्रार लिहून ठेवली असं होईल. 'हं' म्हणजे ठराव नव्हे. 'हं' म्हणजे ऐकलं, किंवा संपवा आता.

सगळ्यांत नाजूक जागा गच्चीची. अध्यक्षांच्या मते ठराव झाला होता. पण समितीला दुरुस्तीवर स्वतःच्या अधिकारात एका वेळी किती खर्च करता येतो याला उपविधींत मर्यादा असते, ती सभासदांच्या संख्येवर ठरते, आणि आमच्या ३६ घरांच्या सोसायटीला ती ५० हजार आहे. पावणेपाच लाखांचं काम समितीला मंजूर करता येतच नाही. ती फार तर सर्वसाधारण सभेकडे शिफारस करू शकते. म्हणजे विशेष सर्वसाधारण सभा बोलवायला हवी, आणि तिला पाच पूर्ण दिवसांची नोटीस लागते. हे काम २७ पानांत कुणाच्याही तोंडून निघालं नव्हतं. आता ते यादीत घालायचं का?

इथे मोह होतो. आपल्याला कळतंय, त्यांना कळलेलं नाही, घालून टाकू. पण यादीत घातलं की ते सभेने ठरवलं असं होतं, आणि सभेने ते ठरवलेलं नव्हतं. म्हणून ते यादीबाहेर, खाली, प्रश्न म्हणून लिहिलं.

शेवटी अध्यक्षांना जे पाठवलं ते असं होतं:

'रविवारच्या सभेतली पुढची कामं खाली दिली आहेत. इतिवृत्त केलेलं नाही. हवं असेल तर उपस्थितांची नावं, दोन्ही कोटेशनं आणि ठरावांचे सूचक-अनुमोदक कळवा.
लिफ्टचा करार: खजिनदार सोमवारी कंपनीला फोन करतील. करार १५ मेला संपतो.
गच्चीचं तिसरं कोटेशन: तळमजल्यावरचे साहेब, बुधवारपर्यंत.
पाण्याची टाकी: चर्चा झाली, नाव आणि तारीख ठरलेली नाही.
पार्किंग: निर्णय नाही, काम कोणाकडेही नाही.
एक प्रश्न: गच्चीचा खर्च समितीच्या मर्यादेबाहेर आहे. विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस कोण काढणार? जुन्या कंत्राटदाराबद्दल काकूंनी विरोध नोंदवायला सांगितलं आहे, तो इतिवृत्तात घ्यावा लागेल.'

पहिल्या दोन ओळी मला सगळ्यांत महत्त्वाच्या वाटतात. मी काय केलंय आणि काय केलेलं नाही, हे वाचणाऱ्याला पहिल्या दमात कळलं पाहिजे. दुसरंच हवं असेल तर त्याने तिथल्या तिथे सांगावं, मग फेकून द्यायचं झालं तर अर्धं पान जातं. न विचारता सात पानांचं इतिवृत्त पाठवलं असतं, तर 'एवढं नको होतं' म्हणायलाही त्यांना संकोच वाटला असता, आणि सात पानं त्यांच्या मोबाईलमध्ये सुखाने झोपली असती.

अध्यक्षांचं उत्तर लगेच आलं. "उत्तम. हेच ग्रुपवर टाकतो."

मी जवळजवळ ओरडूनच फोन केला. ग्रुपवर ३६ घरं आहेत. तिथला वाचक तो, सारांशवाला. त्याला काकूंचा विरोध आणि टाकीपुढची रिकामी जागा दाखवली, तर मंगळवारपर्यंत दुसरी सभा जिन्यातच भरेल. ग्रुपसाठी तीन ओळी वेगळ्या दिल्या: गच्चीच्या कामाची कोटेशनं मागवली आहेत, खर्च सर्वसाधारण सभेपुढे येईल, लिफ्टचा करार नव्याने होतो आहे. पार्किंगचं नाव काढलं नाही. पहिला प्रतिसाद २०१ मधून आला, "पार्किंगचं काय झालं?"

गुरुवारी चिटणीस नाशिकहून परतले आणि वही उघडून बसले. आता इतिवृत्त. त्यांनी विचारलं, "गच्चीच्या शिफारशीला सूचक कोण लिहू?" फाइलीत हा विषय चौघांनी मांडला होता, जोरजोरात मांडला होता. फोन केल्यावर तिघे जण मागे सरले. खजिनदार म्हणाले, मी फक्त कोटेशन दाखवलं. साहेब म्हणाले, माझं तिसरं कोटेशन यायचंय, मी सूचक कसा? अध्यक्ष म्हणाले, मी अध्यक्षस्थानी होतो, मला सूचक होता येतं का? शेवटी चिटणिसांनी काकूंना विचारलं.

"घाला माझं नाव," काकू म्हणाल्या. "गच्ची दुरुस्त व्हायलाच पाहिजे, वरून गळतं ते माझ्याच डोक्यावर. पण त्याच्याच खाली जुन्या माणसाला माझा विरोधही लिहा. आणि दोन्हीकडे सही घ्या माझी, नाहीतर पुढच्या सभेत म्हणाल, काकू फक्त विरोधच करतात."

चिटणीस लिहू लागले. अनुमोदकाची जागा अजून रिकामी होती. वक्ता ५ चा फोन नंबर कोणाकडेच नव्हता.